वासुकीवहिनींच्या लग्नातलं कार्ड

आमच्या सीतारामरावांच्या हातून कधी पत्र अडकलं नाही, असं तंजावूरच्या पोस्टात कोणीही सांगितलं असतं. मी तर तीस वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून टपाल निवडलं, मी शपथेवर सांगितलं असतं. सकाळी थैली फुटली की हा माणूस आधी पत्रांच्या ढिगात हात घालून दुःखाची कार्डं शोधायचा. आमच्याकडे मरणाचं कार्ड लपत नाही. लग्नाच्या कार्डाला चार कोपऱ्यांना हळद असते, मरणाच्या कार्डाला काहीच नसतं आणि वरच 'करुमादी', म्हणजे उत्तरक्रिया, म्हणून लिहिलेलं असतं. ती कार्डं ते वेगळी काढायचे आणि पोस्टमनच्या हातात स्वतः द्यायचे. "हे आधी टाक बाबा, मग बाकीची वाट." पोस्टमन वैतागायचे. मीसुद्धा चिडवायचो, "राव, यमाचे तुम्ही हेडक्लार्क काय?" ते हसायचे नाहीत. तेव्हा वाटायचं, स्वभाव आहे एकेकाचा. आता कळतं ते काय होतं.

माणूस तसा साधा. राजवाड्यामागच्या गल्लीत घर, घरात आई, बायको वासुकी, चेन्नईला शिकायला ठेवलेला शाळकरी मुलगा. बोलणं कमी, पान खाणं जास्त. सायकल इतकी जुनी की चोरानं एकदा नेली आणि परत आणून ठेवली, असं मी सांगत असतो. ते खरं नाही, पण तिच्याकडे बघून पटतं.

पंच्याण्णव साली, तमिळ आवणी महिन्यात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, त्यांची आई भवानीबाई गेली. म्हातारी त्याच्या मागच्या आडी महिन्याच्याही आधीपासून अंथरुणाला खिळली होती. त्या वर्षी तिची स्वामीमलैची वारी चुकली, याचंच तिला जास्त दुःख. दर आडी कृत्तिकेला, म्हणजे आडीतल्या कार्तिकस्वामीच्या सणाला, ती कुंभकोणच्या बसमध्ये बसून स्वामीमलैला जायची, एकटी. कोणी सोबत येतो म्हटलं तर खेकसायची, "देवाला भेटायला पलटण कशाला?" सत्तरी उलटल्यावरही तिनं कोणाला बरोबर नेलं नाही.

शेवटच्या दिवशी तिनं सुनेला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "अंबेला कळवा. पेटींत आहे."

अंबा म्हणजे सीतारामरावांची थोरली बहीण. तिनं एका तमिळ फिटरशी, आपल्या मर्जीनं लग्न केलं आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद झालं. वडील होते तोवर तर कोणी 'अ' म्हणायची सोय नव्हती. वासुकीवहिनींनाही अशी एक नणंद असल्याचं लग्नानंतर दोन वर्षांनी, तेही विहिरीवरच्या बायकांकडून कळलं. ती कुठे राहते, आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण म्हातारीचा शेवटचा शब्द तो. तेराव्याच्या आत लेकीला कळायला हवं, तिनं येऊन आईच्या नावानं पाणी सोडायला हवं, एवढंच वहिनींनी धरून ठेवलं.

पेटीत, नऊवारी लुगड्याच्या घडीत, अर्धं पोस्टकार्ड निघालं.

मी समाचाराला गेलो होतो तेव्हा वहिनींनी ते माझ्यासमोर ठेवलं. सीतारामराव भिंतीशी चटईवर बसले होते. सुतकातला माणूस, त्यात क्रिया करणारा. ऑफिसला येणं नाही, बाहेर फिरणं नाही. त्यांनी कार्डाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, आईची आठवण.

"जयतीर्थ, तुम्ही पोस्टांतले. बघा की कुठून आलें तें," वहिनी म्हणाल्या. "हे तर हात लावूलाले नाहीत."

मरणाचं कार्ड घरात ठेवायचं नसतं. उंबऱ्यावर उभ्यानं वाचायचं, टरकावून गटारात टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. ही आमच्याकडची आणि सगळ्याच मुलखाची रीत. अंबेच्या नवऱ्याच्या मरणाचं ते कार्ड होतं, म्हणजे म्हातारीनं रीतीप्रमाणे टरकावलं होतं. पण वरचा तुकडा तिनं कधीतरी गटाराकाठून उचलला होता आणि सतरा वर्षं लुगड्यात जपला होता. देवधर्मात इतकी कडक बाई.

मी कार्ड ऑफिसात नेलं, खिडकीशी बसलो आणि भिंग काढलं. अशी कामं मला आवडतात, खोटं कशाला बोलू? अंबाबाईंनी मजकूर मराठीतच पण तमिळ लिपीत लिहिला होता, आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत बहुतेक जण तसंच लिहितात. पाठवणाराचा पत्ता मजकुराच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात होता आणि नेमका तोच कोपरा तिरका फाटला होता. ओळींची फक्त सुरुवात उरली होती. पहिल्या ओळीत 'केअर ऑफ अरिसि', म्हणजे तांदळाच्या गिरणीच्या पत्त्यावर. दुसऱ्या ओळीत 'वडक्कु', म्हणजे वडक्कु तेरु, उत्तर गल्ली. तिसरी ओळ गावाची असणार. तिच्या पहिल्या अक्षराची एक रेघ तेवढी शिल्लक. गिरणी नाही असं गाव आमच्या मुलखात नाही आणि उत्तर गल्ली नाही असं गाव जगात नसेल.

मग राहिला शिक्का. कार्डावर शिक्के दोन असतात. जिथे टाकलं तिथला एक, तिकिटाच्या चित्रावर मारलेला. आणि जिथे पोचलं तिथला दुसरा. पहिला पार उडाला होता. समोरून धरलं तर नुसता धुरकट गोल. पण कार्ड तिरकं धरून उजेड आडवा पाडला की शिक्क्याचा दाब दिसतो, शाई गेली तरी. तसं करून गोलाच्या वरच्या कडेची इंग्रजी अक्षरं लागली, 'नासम' एवढी. मधली तारीख लागली, अठ्ठ्याहत्तर सालचा सत्तावीस जानेवारी. खालची जिल्ह्याची ओळ गेलेली.

पापनाशम! मी टेबलावर थाप मारली. पाऊण तासाच्या बसवरचं गाव. पण लगेच थांबलो, कारण पापनाशमं दोन आहेत. एक आपलं, कुंभकोणच्या वाटेवरचं, आणि एक तिकडे तिरुनेलवेलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. कोणतं हे ठरवायला दुसरा शिक्का कामी आला. तो आपल्या तंजावूरचा, ठसठशीत: सात फेब्रुवारी. म्हणजे कार्ड वाटेत अकरा दिवस. आपल्या पापनाशमहून आज टाकलेलं कार्ड उद्या इथे पोचतं, फार तर परवा. अकरा दिवस लागले म्हणजे कार्ड लांबून, कुठेतरी भरकटून आलंय. तिरुनेलवेलीकडचंच. शिवाय तिकडे मोठाल्या सूतगिरण्याही आहेत, फिटर माणूस तिकडेच जाणार.

संध्याकाळी मी हे सगळं सीतारामरावांच्या ओसरीवर ऐटीत सांगितलं. "आणि हा तंजावूरचा शिक्का बघा, वहिनी. सकाळच्या घाईत आम्ही शेकडो ठोकतो, निम्मे वाकडे, निम्मे फराटलेले. हा कसा चांदीच्या रुपयासारखा बसलाय. मारणाराला त्या दिवशी दुसरं काम नसणार!"

सीतारामरावांनी डोळे मिटून घेतले. "जयतीर्थ, तुमचें बरोबर असेल," एवढंच म्हणाले.

कोपऱ्यावर तेव्हा नवीनच एसटीडी बूथ झाला होता, पिवळी पाटी, काचेची खोली, आत पंखा. तिथून मी तिरुनेलवेलीच्या पोस्टाला आणि तिथून त्या पापनाशमला लावलं. तिथला पोस्टमास्तर भला माणूस. म्हणाला, पोस्टमनना विचारून सांगतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. त्यानं वस्त्या विचारल्या, गिरणीतली जुनी माणसं विचारली; अंबा नावाची मराठी विधवा कोणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, आणखी जुना कोणी रिटायर झालेला असेल तर बघा. आणखी दोन दिवस गेले. बूथमधून बाहेर येऊन मी रोज वहिनींना सांगायचो, नाही. आणि वहिनी रोज दिवस मोजायच्या. सीतारामराव भिंतीशी बसून ऐकायचे. चेहरा असा की दात दुखतोय.

दहाव्याला नदीवरून परत आले तेव्हा त्यांचं डोकं भादरलेलं होतं. चहा पुढे ठेवला तर घेतला नाही. मी सांगत होतो की आता एकच उपाय, त्या भागातल्या सगळ्या गिरण्यांना कार्डं टाकू. तेराव्यापर्यंत पोचली तर पोचली.

"तिकडे नक्को," ते एकदम म्हणाले. "ती इकडच्याच पापनाशमची."

"अहो, पण अकरा दिवस—"

"तो शिक्का खोटा आहे, जयतीर्थ. मी मारलाय."

वहिनी दारात धुतलेली भांडी घेऊन उभ्या होत्या. ते त्यांच्याकडे न बघता, जमिनीकडे बघून बोलत गेले.

"अठ्ठाविसाला सकाळच्या थैलीत आलें. पापनाशमच्या गठ्ठ्यांत. अक्काचें अक्षर मी ओळखलें. वरच्या दोन ओळी वाचल्या, मग उलटें टाकलें, पत्तासुद्धा पाहिला नाही. तीन फेब्रुवारीला माझें लग्न. आईला तें कार्ड मिळालें असतें तर रडारड झाली असती, सुतक, अपशकुन. आणि मग मुलीकडच्यांना कळलें असतें कीं अशी एक बहीण आहे. तें मोडलें असतें लग्न. मी कार्ड शिक्का न मारतां टेबलाच्या खणांत ठेवलें. लग्न झालें, चार दिवस गेले, मग त्या दिवसाचा शिक्का मारला आणि आपल्या हातानें घरी आणून दिलें. म्हटलें, आई, पोस्टांत उशीर झाला."

मी त्या लग्नात जेवलो होतो. पानावर पान वाढून घेतलं होतं. सात फेब्रुवारीला मी त्याच खोलीत, त्यांच्या शेजारी बसलेला असणार, आणि आता भिंग लावून त्यांच्या पापाची ऐट मिरवत होतो. आणि हेही कळलं की ते पहिल्या संध्याकाळीच बोलले असते तर चार दिवस वाचले असते. चार दिवस त्यांनी मला तिरुनेलवेलीला फोन करू दिले. सतरा वर्षांपूर्वी पोरवय होतं, भीती होती, समजतं. पण हे चार दिवस? मला राग आला, आणि त्याच वेळी तो भादरलेला गोटा बघून रागवताही येईना.

"नवरा गेला कीं दहाव्याला माहेरचें लुगडें घालतात," ते म्हणाले. "भाऊ आणतो. अक्का माझी वाट बघत बसली असेल. सगळ्या गावासमोर."

वहिनींनी भांडी खाली ठेवली. ओरडल्या नाहीत; ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला विचारलें असतें तर मुहूर्त पुढें गेला असता," त्या म्हणाल्या. "मी काय पळून जाणार होतें? सतरा वर्षें मी तुमच्या खोटेपणावर कुंकू लावूलालें." आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. हातात एक कोरं लुगडं होतं, दिवाळीसाठी स्वतःला घेतलेलं. ते त्यांनी पिशवीत घातलं. "उद्यां मी पण येतें."

अकराव्याचे विधी आटोपून आम्ही तिघं दुपारच्या बसनं निघालो. सुतकी माणसानं परक्याच्या घरी जायचं नसतं, पण हे परकं घर नव्हतं असं मीच ठरवून टाकलं. पापनाशमच्या पोस्टात सबपोस्टमास्तरांना आमची खात्यातली ओळख सांगितली, तुकडा दाखवला. त्यांनी नियम पुढे केला नाही. रावांचं डोकंच सगळं सांगत होतं.

"गिरणी, उत्तर गल्ली, विधवा," ते पुटपुटले. "आमच्या हाताखाली खेड्यांची बरीच पोस्टं. नुसत्या गिरणीवरून नाही सापडायचं. पण विधवा असेल तर सरकारचं पेन्शन मनिऑर्डरनं येत असेल. वाटणाऱ्याला विचारू."

खेड्यातला डाक वाटणारा एक वयस्क माणूस नुकताच सायकलवरून थैली आणि अंगठे उठवलेल्या पावत्या जमा करायला आला होता. त्याला विचारलं. तो विचारात पडला नाही.

"अंबाम्मा? मराठी बोलतात त्या? गिरणी तर कधीच बंद पडली. मागच्या खोलीत राहतात. सही करतात, अंगठा नाही देत." मग सीतारामरावांकडे नीट बघून म्हणाला, "चला, मीच नेतो. त्या बाई रोज मला अडवतात."

कालव्याच्या कडेनं, भाताच्या खाचरांतून अर्धा तास चाललो. नारळीखाली ओळीनं चार खोल्या. शेवटच्या दारात एक उंच, वाळकी बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. आधी तिनं वाटणाऱ्याला पाहिलं आणि लगबगीनं उठली. मग मागच्या माणसाचं डोकं पाहिलं. सूप हातातच राहिलं.

"आई?" तिनं विचारलं. सतरा नव्हे, घर सोडल्यापासून पंचवीस वर्षांनी भावाशी बोललेला पहिला शब्द तो.

सीतारामरावांनी मान हलवली.

"कधी?"

"आज अकरावा."

तेवढेच दिवस पुन्हा, हे त्यांच्याही ध्यानात आलं आणि माझ्याही. ते तिथेच, अंगणाच्या मातीत, बहिणीच्या पायांशी बसले. "अक्का, तुझें तें कार्ड पोस्टांत नव्हतें अडलें. मी—"

"पोस्टांत उशीर झाला," अंबाबाई म्हणाल्या. "आईनें सांगितलेंय मला."

सीतारामरावांनी मान वर केली.

"त्याच वर्षीं, पुढच्या मासी महिन्यांत आली होती ती. हातांत फाटकें कार्ड, कोणाकोणाला विचारत. लुगडें घेऊन. माझ्या अंगावर घालून म्हणाली, पोस्टाची चूक, सीतारामला बोल लावूं नकोस, आणि घरी कार्ड टाकूं नकोस, त्याचा संसार नवा आहे. मग दर आडी कृत्तिकेला यायची. दुपारचें जेवून जायची."

म्हणजे स्वामीमलै कधी नव्हतीच, किंवा होतीही, कुंभकोणची बस पापनाशमवरूनच जाते. म्हातारीला सगळं ठाऊक होतं. आपल्या पोराच्या शिक्क्यावर तिनं सतरा वर्षं विश्वास ठेवल्याचं नाटक केलं आणि त्याच्या घरचं जेवली. आणि पोरगा सतरा वर्षं तिच्यासमोर बसून जेवला.

"तुला खरें वाटलें तें?" सीतारामरावांनी विचारलं.

"इथून टाकलेलें कार्ड दुसऱ्या दिवशीं तंजावूरला पोचतें, हें इथल्या पोरांनाही ठाऊक आहे," अंबाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, मऊही नव्हता. "आईला विचारून काय करूं? तीच एक येत होती."

वहिनींनी पुढे होऊन लुगडं त्यांच्या हातात दिलं. अंबाबाईंनी ते उलगडलं नाही. वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तूं वासुकी का," म्हणाल्या, "आई तुझें बोलायची." आणि लुगडं छातीशी धरून प्रथमच रडल्या. वहिनीही. सीतारामराव मातीतच बसलेले. त्यांना कोणी ऊठ म्हटलं नाही, मीही नाही.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "अक्का, परवा तेरावा. शेवटची बस साडेसहाला आहे. तुम्हांला आवरायला वेळ लागेल—"

अंबाबाई डोळे पुसत आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. हातात बांधलेली पिशवी होती. वर दुमडलेलं लुगडं, तांब्या, चटईचं बोचकं.

"या वर्षीं आडी कृत्तिकेला ती आली नाही," त्या भावाला म्हणाल्या. "तेव्हांच भरून ठेवली. रोज या डाकवाल्याला विचारत होतें, कार्ड आलें का." मग दाराची कडी लावली. "मला वाटलें, निदान या वेळीं तूं वेळेवर टाकशील."

परत येताना बसमध्ये दोघी खिडकीशी शेजारी बसल्या. पुढच्या बाकावर जागा होती, मी बोलावलंही. सीतारामराव बसले नाहीत. वरचा दांडा धरून तंजावूरपर्यंत उभे राहिले.